दुपार मैदानावर

मैत्रिणींनो, परीक्षा जवळ आली की खेळाचा तास गणिताला जातो, हे आपण बघतोच. फ्रान्समध्ये पॅरिसला लागून असलेल्या वांव इथल्या एका शाळेत १९५०च्या सुमारास डॉ. फूरेस्तिए यांनी नेमकं उलट केलं. एका वर्गाला सकाळी अभ्यास आणि दुपारी खेळ, व्यायाम. आई-बापांच्या पोटात गोळाच आला असेल! पण अभ्यासाचे तास घटूनही मुलं परीक्षेत मागे पडली नाहीत. वर्गातली शिस्त सुधारली, उत्साह वाढला, आजारपणं कमी झाली. मात्र या मुलांना जीवनसत्त्वंही दिली जात होती. त्यामुळे सगळं श्रेय एकट्या खेळाच्या पदरात टाकायला आम्ही तयार नाही.