मुदतीच्या मध्येच भाडेवाढ : हक्क कोणाला आणि किती?

घरमालक एखाद्या महिन्याच्या अखेरीस दारात येऊन सांगतो, "पुढच्या महिन्यापासून दोन हजार वाढवून द्या, नाहीतर जागा बघा." सिडको, गारखेडा, उस्मानपुरा या भागांत भाड्याने राहणाऱ्या कुटुंबांना हा प्रसंग नवा नाही. अशा वेळी भाडे बाजारभावापेक्षा किती कमी आहे यावर वाद सुरू होतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र पहिला प्रश्न निराळाच असतो. जागा दिली आहे ती भाडेपट्ट्याने की परवान्याने, म्हणजे ज्याला आपण 'लिव्ह अँड लायसन्स' म्हणतो त्याने? वाढीचा हक्क याच उत्तरावर अवलंबून असतो.

शहराच्या जुन्या भागापासून सुरुवात करू. गुलमंडी, पैठण गेट, औरंगपुरा येथे पिढ्यान्पिढ्या चालत आलेली भाडेकरूंची दुकाने आणि घरे आहेत. मराठवाडा हैदराबाद संस्थानातून आलेला असल्याने येथे मुंबईचा १९४७ चा भाडे कायदा नव्हे, तर हैदराबादचा १९५४ चा घरभाडे नियंत्रण कायदा लागू होता. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ अमलात आला आणि राज्यातील तिन्ही विभागांचे जुने कायदे रद्द झाले. त्याआधी डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या कायद्यातील वर्षानुवर्षे गोठवून ठेवलेली भाडी आता वाजवी राहिली नाहीत, असे स्पष्ट म्हटले होते. नव्या कायद्याच्या कलम ११ ने हा अन्याय काहीसा सैल केला. कायदा सुरू होताना भाड्याने दिलेल्या जागांच्या भाड्यात दरवर्षी ४ टक्के वाढ करण्याचा हक्क मालकाला मिळाला.

येथे शब्दांकडे लक्ष द्यावे. मालकाला वाढ 'करण्याचा हक्क' आहे. वाढ आपोआप होते असे कलम म्हणत नाही. म्हणून ती लेखी मागावी आणि पावतीत दिसावी. एखाद्या मालकाने पंधरा वर्षे गप्प राहून एकदम सगळा फरक मागितला तर अडचण येते, कारण भाड्याच्या थकबाकीचा दावा ती देय झाल्यापासून तीन वर्षांतच करावा लागतो. याखेरीज महापालिकेने मालमत्ता कर वाढवला तर तेवढाच वाढीव भार कलम १२ नुसार भाडेकरूवर टाकता येतो. मोठ्या सुधारणेसाठी वाढ हवी असेल तर ७० टक्के भाडेकरूंची लेखी संमती लागते. यापलीकडे प्रमाणभूत भाड्याहून अधिक रक्कम मागणे किंवा घेणे कलम १० ने बेकायदा ठरवले आहे.

जुन्या भाडेकरूंची नेहमीची चूक वेगळीच असते. मालकाने वीस हजार मागितले म्हणून ते आधीचे चारशेही देणे थांबवतात. तसे करू नये. कायद्याचे संरक्षण 'भाडे देणाऱ्या किंवा देण्यास तयार असणाऱ्या' भाडेकरूला आहे. मालक पावती देत नसेल तर मनीऑर्डरने पाठवावे आणि परत आलेली पावती जपून ठेवावी. लेखी मागणीनंतर ९० दिवस भाडे न दिल्यास मालक दावा करू शकतो. दावा दाखल झाल्यावरही समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत सर्व थकबाकी १५ टक्के व्याजासह भरली तर जागा वाचू शकते. रक्कमच वादग्रस्त असेल तर प्रमाणभूत भाडे ठरवून घेण्यासाठी न्यायालयात अर्ज करता येतो. वाढ पदरात पाडण्यासाठी पाणी किंवा वीज तोडणे हाही कलम २९ चा भंग आहे.

आता नव्या वसाहतींकडे. येथे बहुतेक घरे परवान्याने दिली जातात आणि वाढ ४ टक्के की २० टक्के हे करारच ठरवतो. करारात वाढीची ओळ नसेल तर मुदत संपेपर्यंत मालकाला एक रुपयाही एकतर्फी वाढवता येत नाही. ओळ असेल, पण अर्धवट असेल, तर ती नसल्यासारखीच असते. 'परस्पर संमतीने भाडे वाढवले जाईल' हे वाक्य अनेक करारांत दिसते. भाडेकरूने संमती दिली नाही की त्याचा उपयोग संपतो.

एक उदाहरण घेऊ. समजा उस्मानपुऱ्यातील एक सदनिका ३६ महिन्यांसाठी दरमहा १५,००० रुपये शुल्कावर दिली आणि ५०,००० रुपये परतावायोग्य अनामत घेतली. करारात केवळ 'दरवर्षी १० टक्के वाढ' असे लिहिले. दुसऱ्या वर्षी १६,५०० याबद्दल वाद नाही. तिसऱ्या वर्षी मालक म्हणतो १८,१५०, राहणारा म्हणतो १८,०००. दोघांचेही गणित बरोबर आहे. एकाने लगतच्या शुल्कावर वाढ धरली, दुसऱ्याने मूळ शुल्कावर. शिवाय 'दरवर्षी' म्हणजे करार सुरू झाल्याच्या तारखेपासून बारा महिने, की एप्रिलपासून? म्हणून असे लिहावे : 'परवाना सुरू झाल्यापासून प्रत्येक १२ महिने पूर्ण झाल्यावर, लगतपूर्व मासिक शुल्कावर १० टक्के वाढ होईल, त्यासाठी वेगळ्या नोटिशीची गरज राहणार नाही.' त्याखाली तिन्ही वर्षांचे मासिक आकडे अंकी व अक्षरी द्यावेत. मुद्रांक शुल्कासाठीही ते लागतात. येथे तीन वर्षांचे एकूण शुल्क ५,९५,८०० रुपये होते. अनामतीवर दरसाल १० टक्के दराने धरलेले १५,००० मिळवून ६,१०,८०० रुपयांवर ०.२५ टक्के, म्हणजे १,५२७ रुपये मुद्रांक शुल्क भरावे लागते. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. यापेक्षा अधिक रकमेचा वाद एकाच वर्षात उभा राहू शकतो!

वाढीची ओळ नोटीस-कलमाबरोबर वाचावी. मालकाला कोणत्याही कारणाविना एक महिन्याच्या नोटिशीवर परवाना संपवता येत असेल, तर वाढीवरील बंधन नाममात्र उरते. 'वाढवा, नाहीतर नोटीस' हा दबाव तेथूनच येतो. ज्या काळात मालक नोटीस देणार नाही असा 'लॉक-इन' काळ करारात असेल, तरच राहणाऱ्याला खरा आधार मिळतो. उलट बाजूही आहे. मुदत संपूनही राहणारा जागा सोडत नसेल, तर निवासी परवान्यात कलम २४ मालकाला ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई देते. राहणाऱ्याने त्या काळात 'जुनेच भाडे देतो' म्हणणे टिकत नाही.

अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही ही समजूत शहरात पक्की रुजली आहे. सर्वसाधारण नोंदणी कायद्यात वर्षाहून कमी मुदतीच्या पट्ट्यांना सवलत आहे, हे तिचे मूळ. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ ने मात्र भाडेपट्टा आणि परवाना या दोहोंची नोंदणी, मुदत कितीही असो, सक्तीची केली आहे. जबाबदारी मालकाची आहे. कसूर केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून महागात पडणारी गोष्ट पुढेच आहे. नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, ते चुकीचे आहे हे मालकाने सिद्ध करेपर्यंत. म्हणजे नोटरीच्या शिक्क्याच्या कागदावर १० टक्क्यांची ओळ असली, तरी वाद झाल्यावर ती सिद्ध करण्याचे ओझे मालकाच्या शिरावर येते.