मोजणी कशासाठी, हे आधी सांगा!

जातनिहाय जनगणना झालीच पाहिजे ही मागणी आम्ही करतो आणि करत राहू. आकडे नसतील तर वाट्याचा हिशेब मागायचा कशाच्या जोरावर? पण म्हणूनच दारात येऊन घेतलेली माहिती पुढे कुठे जाते, हा प्रश्नही आपलाच आहे. तो सर्वांत नीट लढवला गेला पश्चिम जर्मनीत, १९८३ साली.

त्या देशात २७ एप्रिल १९८३ पासून जनगणना होणार होती. उत्तरं देणं सक्तीचं होतं, म्हणजे संमतीचा प्रश्नच नव्हता. कायद्याच्या कलम ९ मध्ये मात्र एक खुंटी मारून ठेवलेली होती: जनगणनेतली काही माहिती नगरपालिकांनी आपल्या रहिवासी नोंदवहीशी ताडून पाहावी आणि नोंदवही दुरुस्त करावी. आता आकडेवारीसाठी म्हणून तुम्ही सांगितलं की घरात चौघं राहतात, आणि नोंदवहीत तिघंच असतील, तर चौथ्याचं काय? त्याच्याविरुद्ध ही माहिती वापरू नये, असंही त्याच कायद्यात लिहिलेलं होतं. पण ज्या कारकुनाने एकदा वाचलं, त्याने ते विसरायचं कसं?

लोक बिथरले. बिथरायला कारणही होतं. नाझी राजवटीने मे १९३९ च्या जनगणनेत एक जादा कार्ड भरून घेतलं होतं आणि त्यात चारही आजी-आजोबांपैकी कोण ज्यू होतं हे विचारलं होतं. ज्यांनी ते पाहिलं होतं त्यातले कित्येक १९८३ मध्ये हयात होते. बहिष्काराची चळवळ उभी राहिली, तक्रारी घटनात्मक न्यायालयात गेल्या. न्यायालयाने १३ एप्रिलला गणना थांबवली आणि १५ डिसेंबर १९८३ रोजी निकाल दिला.

न्यायालयाने जनगणना अवैध ठरवली नाही. प्रश्न विचारायला हरकत नाही, सक्तीलाही नाही. रद्द केली ती ताडून पाहण्याची तरतूद. न्यायालयाचा तर्क असा होता. आकडेवारीसाठी गोळा केलेली माहिती पुढे अनेक कामांना लागते, त्यामुळे तिचा एकच हेतू आधी बांधून देता येत नाही. म्हणूनच तिच्यातून माणसाचं नाव लवकरात लवकर वेगळं झालं पाहिजे आणि ती प्रशासनाच्या हाती नावानिशी जाता कामा नये. उलट एखाद्या माणसाबाबत निर्णय घेण्यासाठी माहिती हवी असेल, तर हेतू आधीच नेमका सांगावा लागतो. एकाच फॉर्मवर दोन्ही कामं उरकायची, हे चालणार नाही.

याच निकालात आणखी एक बारीक गोष्ट आहे. गणना करणारा माणूस स्वतःच्या घराच्या अगदी जवळपास नेमू नये आणि फॉर्म बंद पाकिटात परत देता यावा, असं न्यायालयाने सांगितलं. शेजाऱ्यालाही सगळं कळायची गरज नाही. दुरुस्त कायद्याखाली ती गणना अखेर मे १९८७ मध्ये झाली, तेव्हाही बहिष्कार घालणारे फॉर्मवरचा क्रमांक कात्रीने कापून टाकत होते. एकदा गेलेला विश्वास असा सहज परत येत नाही.

आपल्याकडे १९४८ च्या जनगणना कायद्याचं कलम १५ हेच काम करतं. तुमचा जनगणनेचा फॉर्म कुणाला पाहायला मिळत नाही, आणि त्या कायद्याखालचे खटले सोडले तर पुरावा म्हणूनही चालत नाही. पण २०११ ची सामाजिक, आर्थिक व जात गणना या कायद्याखाली झालीच नव्हती. तिथे जात गुप्त राहणार होती, बाकीची माहिती मात्र कुटुंबाला लाभ द्यायला किंवा नाकारायला सरकारी खात्यांना वापरता येणार होती. तसं करण्यात गैर नाही, हेतू उघड होता. पण त्याच वर्षी दारात दोनदा माणूस आला, एकदा जनगणनेचा आणि एकदा या गणनेचा. घरातल्या बाईला हा फरक कुणी समजावून सांगायचा? पहिल्याला दिलेलं उत्तर बंद राहणार, दुसऱ्याला दिलेल्या उत्तरावर घरकुल ठरू शकणार.

आणि आपण? समजा आपलं मंडळ वस्तीत शिष्यवृत्तीचा सर्व्हे करतंय. फॉर्मवर नाव, मोबाईल, जात, धर्म, जातीचा दाखला आहे का. सहा महिन्यांनी तीच यादी निवडणुकीच्या प्रचाराला दिली, तर आपण कलम ९ च केलं. म्हणून पहिला प्रश्न विचारण्याआधी सांगायचं: आम्ही कोण, माहिती कशासाठी, कोण पाहणार, किती दिवस ठेवणार. उत्तर द्यायचं नसेल तर चालेल, आणि नकार दिला म्हणून मदत थांबणार नाही, हेही. 'बौद्ध' म्हणून सांगितलेलं घर दाखल्याच्या चिंतेत असू शकतं. तिथे हे दोनदा सांगावं. नाव आणि नंबर वेगळ्या कागदावर, फॉर्मवर फक्त क्रमांक. दोन कागद दोघांकडे. गल्लीतल्याच पोराला त्याच गल्लीत पाठवू नये. आणि नंतर यादीचा दुसरा उपयोग सुचला, तर पुन्हा त्या दारात जाऊन विचारायचं. पहिली सही त्याला पुरत नाही.