एकाच शब्दासाठी पाच लेख: ‘कीवर्ड कॅनिबलायझेशन’ कसे ओळखावे?

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत कपाशीचा हंगाम सुरू झाला की शेतीविषयक ब्लॉगवरही लेखांची पेरणी होते. सर्वाधिक लेख अर्थातच गुलाबी बोंडअळीवर असतात. २०१७च्या खरिपात या किडीने विदर्भातील कपाशीचे अतोनात नुकसान केले. त्यानंतर दरवर्षी नव्याने तोच विषय, बहुधा त्याच मथळ्याने लिहिला जाऊ लागला. अशा वेळी गुगलवर ‘बोंडअळी नियंत्रण’ असे शोधणाऱ्याला एकाच ब्लॉगचे चार-पाच लेख उत्तर देऊ पाहतात आणि एकमेकांच्या वाटेत येतात. या प्रकाराला ‘कीवर्ड कॅनिबलायझेशन’ म्हणतात. शब्दशः पाहता हे स्वजातिभक्षण होय. येथे एका लेखाचे वाचक त्याच घरातील दुसरा लेख खातो.

याचा तोटा केवळ ब्लॉगलेखकाला होतो असे नाही. ऑगस्टमध्ये फुलांत अळी दिसलेल्या शेतकऱ्याला फुलांविषयीचा लेख हवा असतो. शोधयंत्राने त्याच्यापुढे डिसेंबरमधील फरदडीचा, किंवा सहा वर्षांपूर्वीच्या शिफारशी असलेला जुना लेख ठेवला, तर योग्य माहिती त्याच ब्लॉगवर असूनही त्याला ती मिळत नाही.

एक नमुना घेऊ. समजा, अकोल्यातील एखाद्या ब्लॉगवर पुढील पाच लेख आहेत: ‘गुलाबी बोंडअळी नियंत्रण: संपूर्ण माहिती’, ‘कपाशीवरील गुलाबी बोंडअळीचे नियंत्रण कसे करावे’, ‘कपाशीवरील गुलाबी बोंडअळी नियंत्रण व कामगंध सापळे’, ‘कपाशीवरील गुलाबी बोंडअळी नियंत्रण व फरदड’ आणि ‘पऱ्हाटीवरील बोंड अळीचे नियंत्रण’. दुसऱ्या लेखाचा मजकूर प्रत्यक्षात डोमकळीविषयी, म्हणजे अळी आत शिरल्यामुळे न उमलता मिटून राहिलेल्या फुलाविषयी आहे. मथळ्यात मात्र तो शब्दच नाही. तिसऱ्या व चौथ्या मथळ्यात वेगळेपण आहे, पण ते शेवटी आहे. मोबाईलच्या पडद्यावर लांब मथळा कापला जातो आणि वाचकाला दोन्हीकडे ‘कपाशीवरील गुलाबी बोंडअळी नियंत्रण...’ एवढेच दिसते.

पाचवा लेख खास वऱ्हाडी अडचणीतून जन्मलेला आहे. येथे कपाशीला पऱ्हाटी म्हणतात. शिवाय ‘बोंडअळी’ कोणी जोडून लिहितो, कोणी तोडून. प्रत्येक रूपासाठी निराळा लेख हवा, अशी अनेक लेखकांची समजूत असते. वस्तुतः शोधयंत्रे समानार्थी शब्द व लेखनातील फरक बऱ्याच अंशी ओळखतात. सर्व रूपे एकाच लेखाच्या मजकुरात सहजपणे आली तरी पुरते. पऱ्हाटीच्या शेतकऱ्याचा प्रश्न कपाशीच्या शेतकऱ्याहून वेगळा नसतो. प्रश्न एक, तर लेखही एकच.

संशय आल्यास खात्री करण्याचे साधन विनामूल्य आहे. गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये Performance हा अहवाल उघडून शोधशब्दांच्या यादीतील ‘बोंडअळी नियंत्रण’ निवडावा आणि मग Pages या भागात जावे. त्या शब्दासाठी आपली कोणकोणती पाने दाखवली गेली, किती वेळा दाखवली गेली व किती जणांनी ती उघडली, हे तेथे दिसते. दोन पाने दिसली म्हणजे बिघाडच आहे, असे मानू नये. दोन्ही वर असतील आणि दोन्ही उघडली जात असतील तर तक्रारीला जागा नाही. यासाठी गुगल कोणताही दंड करत नाही, हेही लक्षात ठेवावे. येथे नुकसान विभागणीचे असते. खरी खूण आहे ती अदलाबदलीची. एका आठवड्यात सापळ्यांचा लेख पुढे, पुढच्या आठवड्यात तो गायब आणि फरदडीचा पुढे, आणि दोघांचाही क्रम घसरलेला, असे तारखांच्या आलेखात दिसले तर कोणते पान निवडावे याचा निर्णय शोधयंत्राला होत नाही, असे समजावे.

उपाय मथळ्यापासून सुरू होतो. परंतु त्याआधी प्रत्येक लेख नेमक्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो हे एका वाक्यात लिहून पाहावे. वरील नमुन्यात उत्तरे सहज वेगळी होतात. पहिला लेख आढाव्याचा आहे. त्याचा मथळा ‘गुलाबी बोंडअळी: पेरणीपासून शेवटच्या वेचणीपर्यंतचे नियंत्रण’ असा करता येतो. दुसऱ्याचा ‘डोमकळी कशी ओळखावी आणि तिचे काय करावे’. तिसऱ्याचा ‘कामगंध सापळे: हेक्टरी किती लावावेत, पतंग कसे मोजावेत’. टेहळणीसाठी हेक्टरी पाच सापळे आणि सलग तीन दिवस सापळ्यात सरासरी आठ पतंग ही धोक्याची पातळी, हा मजकूर त्या लेखाचा प्राण आहे व त्याच्या पहिल्या परिच्छेदातच यायला हवा. चौथ्याचा ‘फरदड का घेऊ नये: डिसेंबरनंतर उभ्या कपाशीत अळीचे काय होते’. चारही मथळ्यांत वेगळा शब्द आरंभी आला आहे. ‘बोंडअळी नियंत्रण’ या व्यापक शब्दावरचा हक्क मात्र पहिल्या लेखाकडेच ठेवला आहे.

पाचव्या लेखाला नवा मथळा देण्यात अर्थ नाही. मजकूर तोच असेल तर मथळा बदलणे म्हणजे जुन्याच मालाच्या पोत्यावर नवे लेबल लावणे होय. त्यातील उपयुक्त भाग पहिल्या लेखात मिळवावा आणि जुन्या पत्त्यावरून तेथे ३०१ प्रकारचे कायमचे पुनर्निर्देशन करावे. नुसते पान पुसून टाकल्यास त्याला इतरांनी दिलेले दुवे वाया जातात.

मथळे बदलताना लेखाचा पत्ता बदलू नये. वर्डप्रेसमध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखाचा मथळा बदलला तरी पत्ता आपोआप बदलत नाही. तो तसाच राहू द्यावा. लेखांमधील परस्पर दुव्यांकडे मात्र बहुतेकांचे दुर्लक्ष होते. चारही लेखांत ‘बोंडअळी नियंत्रणाबाबत येथे वाचा’ असे लिहून चार वेगवेगळ्या पानांकडे बोट दाखवले असेल, तर मथळ्यांनी केलेली विभागणी दुवे मोडून काढतात. सापळ्यांच्या लेखाकडे जाणाऱ्या दुव्यात ‘कामगंध सापळे’ हेच शब्द हवेत. शिवाय लेखकाने दिलेला मथळा गुगल जसाच्या तसा दाखवीलच असे नाही; पानावरील ठळक शीर्षक व मजकूर त्याच्याशी जुळत नसतील तर ते स्वतःच दुसरा मथळा लावते. म्हणूनच पहिला परिच्छेदही मथळ्याशी जुळवून घ्यावा लागतो.

परिणाम दिसण्यास काही दिवसांपासून काही आठवडे लागू शकतात, आणि तो मोजताना हंगामाचे भान सुटू नये. डिसेंबरमध्ये मथळे बदलून फेब्रुवारीत वाचक घटल्याचे दिसले, तर तो मथळ्यांचा दोष नव्हे. शेतात कपाशीच उरलेली नसते. सर्च कन्सोलमध्ये १६ महिन्यांपर्यंतची माहिती मिळते. त्यामुळे यंदाचा ऑगस्ट गेल्या ऑगस्टशी ताडून पाहता येतो. तेव्हा एकूण वाचकांपेक्षा एवढेच पाहावे, की ‘डोमकळी’ शोधणाऱ्याला डोमकळीचेच पान दिसते की अद्याप फरदडीचे.