पाठटाचणाचे आराखड्यात पुनर्लेखन

पाठटाचणाचे पुनर्लेखन : शिक्षकाने स्वतःच्या सोयीसाठी सलग लिहिलेले पाठाचे टाचण उद्दिष्टे, अध्ययन-अध्यापन कृती, शैक्षणिक साहित्य आणि मूल्यमापन या चार रकान्यांच्या आराखड्यात पुन्हा मांडण्याची क्रिया. हर्बार्टच्या अनुयायांनी, विशेषतः झिलर व राइन यांनी, रूढ केलेली पंचपदी ही पाठ कोणत्या क्रमाने पुढे न्यावा एवढेच मुख्यतः सांगत असे. उद्दिष्टाला अग्रस्थान देऊन मूल्यमापन त्याच्याशी जखडून टाकणारी मांडणी मात्र राल्फ टायलर यांच्या १९४९ मधील ग्रंथामुळे आणि ब्लूम व सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या उद्दिष्टांच्या वर्गीकरणामुळे प्रशिक्षण महाविद्यालयांत स्थिरावली.

या पुनर्लेखनाविषयी सर्वांत प्रचलित असा गैरसमज हा की, जुन्या टाचणातील वाक्ये सुटी करून ज्याच्या त्याच्या रकान्यात नेऊन बसविली म्हणजे काम झाले. वस्तुतः सलग टाचणात बहुतेक वाक्ये शिक्षकाच्या कृतीचीच असतात. विद्यार्थ्याला तासाच्या अखेरीस काय करता आले पाहिजे, हे त्यांत क्वचितच लिहिलेले असते. भिन्नच्छेद अपूर्णांकांच्या बेरजेवरील, पस्तीस मिनिटांच्या तासाचे असे एक टाचण घेऊ : ‘मागील पाठाची उजळणी. कागदी पट्ट्या दाखवून १/२ + १/३ समजावून देणे. मुले २/५ म्हणतील, तेव्हा पट्टी पुढे करावी. समच्छेद करण्याची रीत फळ्यावर. स्वाध्यायातील उदाहरणे.’ यातील ‘समजावून देणे’ हे उद्दिष्टाच्या रकान्यात उतरविण्याचा मोह अनेकांना होतो, आणि दप्तर-तपासणीत ते खपूनही जाते. परंतु समजावून देणे हे शिक्षकाचे काम असल्यामुळे मुलांना काहीही आले नाही तरी ते उद्दिष्ट साध्य झाले असेच म्हणावे लागेल.

म्हणून आराखडा ज्या क्रमाने छापलेला असतो त्या क्रमाने तो न भरता, मूल्यमापनाचा शेवटचा रकाना प्रथम हाती घेणे श्रेयस्कर होय. सदर टाचणात तेथे ‘स्वाध्याय’ एवढाच शब्द आहे. त्याऐवजी दोन प्रश्न ठेवता येतील : पहिला, १/४ + १/३ किती; दुसरा, एका मुलाने ३/४ + १/२ = ४/६ असे लिहिले, तर छेद न बदलताच हे उत्तर चुकीचे कसे ओळखाल. रीत पाठ केलेला विद्यार्थी पहिला प्रश्न सोडवून ७/१२ हे उत्तर काढील. परंतु ४/६ ही संख्या ३/४ पेक्षाच लहान आहे आणि बेरीज मूळ संख्येहून कमी येणे अशक्य आहे, हे ज्याच्या ध्यानी येईल त्यालाच अपूर्णांकाचे परिमाण कळले असे म्हणता येते. प्रश्न ठरले की उद्दिष्टे त्यांच्यातूनच निघतात : विद्यार्थी भिन्नच्छेद अपूर्णांकांची बेरीज समच्छेद करून काढतो, आणि उत्तर संभवनीय आहे की नाही, ते बेरजेतील संख्यांशी ताडून सांगतो.

कृतींचा रकाना यानंतर भरावा. जोडीजोडीने मुले बारा सेंटिमीटरच्या पट्टीवर अर्धा भाग, म्हणजे सहा सेंटिमीटर, आणि दुसऱ्या पट्टीवर तृतीयांश, म्हणजे चार सेंटिमीटर, रंगवितात. दोन्ही मिळून होणारे दहा सेंटिमीटर दोन-दोन सेंटिमीटरच्या खुणा केलेल्या तिसऱ्या पट्टीवर ठेवून पाहतात आणि सहांपैकी पाच भाग मोजतात. २/५ हे उत्तर आलेच, तर ते त्याच पट्टीवर पाच सेंटिमीटरही भरत नाही, एकट्या अर्ध्याहूनही कमी पडते, हे डोळ्यांना दिसते. साहित्याचा रकाना या कृतीवरून आपोआप ठरतो : प्रत्येक जोडीला तीन पट्ट्या, म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गास साठ, शिवाय मोजपट्ट्या व रंगीत खडू. मूळ टाचणातील ‘कागदी पट्ट्या’ या शब्दांत हा हिशेब दडून राहिला होता, आणि तृतीयांशाची घडी मुलांना नीट जमत नसल्याने पट्ट्या आदल्या दिवशीच आखून ठेवाव्या लागतात, हेही.

पुनर्लेखन तपासण्याची कसोटी सोपी आहे. प्रत्येक उद्दिष्टापासून मूल्यमापनातील एका प्रश्नापर्यंत आणि त्या प्रश्नाची तयारी करून घेणाऱ्या एका कृतीपर्यंत रेघ ओढावी. येथे तसे केल्यास दुसऱ्या उद्दिष्टाची रेघ ‘२/५ आलेच, तर’ या अटीवर अडकते, कारण कोणीच ते उत्तर दिले नाही तर ती चर्चा होणार नाही. तेव्हा शिक्षकाने ते चुकीचे उत्तर स्वतःच फळ्यावर लिहून पाच मिनिटे त्यासाठी राखून ठेवावीत, आणि उजळणीला तेवढी कात्री लावावी.

आराखड्याची उणीव अशी की, ‘मुले २/५ म्हणतील’ यासारख्या, अनुभवातून आलेल्या सूचनेला चारांपैकी एकही रकाना नेमून दिलेला नसतो. नीटनेटकेपणाच्या भरात पुनर्लेखक ती गाळतो, आणि मूळ टाचणातील सर्वांत मोलाचे वाक्य नेमके तेच असते. ते कृतीच्या रकान्यातच, अपेक्षित चूक म्हणून, शिक्षकाच्या मूळ शब्दांत ठेवावे. टाचण दुसऱ्याचे असल्यास नव्याने घातलेले प्रश्न व उद्दिष्टे वेगळ्या शाईने लिहून मूळ शिक्षकाला दाखविण्याचाही प्रघात असावा; कारण दुसऱ्या प्रश्नासारखी भर ही केवळ मांडणीतील दुरुस्ती नसून तिच्यामुळे तासाचा विषयच काही अंशी पालटतो.