धुतलेल्या काळ्या कपड्यांवर पांढरे तंतू चिकटतायत? टॉप लोड मशीनचा लिंट फिल्टर असा करा साफ

मशीनमधून काळी पँट किंवा गडद निळा कुर्ता बाहेर काढावा आणि त्यावर पिंजलेल्या कापसासारखे पांढरे तंतू चिकटलेले दिसावेत, हा अनुभव टॉप लोड वॉशिंग मशीन वापरणाऱ्या अनेक घरांत येतो. मग पावडर बदलली जाते, कपडे पुन्हा एकदा धुतले जातात, तरीही तंतू जात नाहीत. शेवटी मेकॅनिकला फोन केला जातो. बहुतेक वेळा दोष असतो तो ड्रमच्या आतल्या भिंतीवर बसवलेल्या एका छोट्या जाळीच्या पिशवीचा. तिला लिंट फिल्टर म्हणतात, काही कंपन्या तिला 'मॅजिक फिल्टर' असंही नाव देतात.

हा फिल्टर नेमकं काय करतो, तो भरला की कपड्यांवर तंतू का येतात आणि तो घरच्या घरी कसा साफ करायचा, ते समजून घेऊया.

फिल्टर भरला की कपडेच फिल्टर होतात

कपडे धुताना एकमेकांवर घासले जातात आणि त्यातून सुती धाग्यांचे बारीक तुकडे सुटतात. यालाच लिंट म्हणतात. लिंट तयार होणं थांबवता येत नाही. प्रश्न एवढाच असतो की, ती शेवटी जाऊन अडकते कुठे.

टॉप लोड मशीनच्या तळाशी एक गोल चकती फिरत असते. तिला पल्सेटर म्हणतात. ती फिरते तेव्हा तळाचं थोडं पाणी ड्रमच्या भिंतीतल्या एका उभ्या वाटेने वर ढकललं जातं. हे पाणी फिल्टरच्या जाळीतून पुन्हा ड्रममध्ये पडतं. पाणी निघून जातं, तंतू जाळीत राहतात. धुणं चालू असेपर्यंत हे चक्र सुरूच असतं.

जाळी तंतूंनी भरली की पाण्याला तिच्यातून जायला वाट उरत नाही. फिल्टरकडे जाणारं पाणी कमी होतं आणि तंतू ड्रममधल्या पाण्यातच तरंगत राहतात. धुणं संपल्यावर हे पाणी खाली सोडलं जातं, तेव्हा ते कपड्यांच्या थरांमधून गाळून जातं. फिल्टरने करायचं काम आता कपडे करतात. म्हणूनच तंतू कपड्यांवर एकसारखे पसरलेले दिसतात आणि पावडर बदलून काही फरक पडत नाही.

आधी खात्री करा, ते तंतूच आहेत ना?

कपड्यांवर दिसणारी प्रत्येक पांढरी गोष्ट लिंट नसते. त्यातला थोडा भाग चिमटीत धरा आणि बोटांवर चोळा. तो लोकरीसारखा लांबला, त्याची गोळी झाली, तर ती लिंट आहे. पाण्याचा थेंब टाकल्यावर विरघळून बुळबुळीत झाला, तर ती न विरघळलेली पावडर आहे. पांढरे मऊ तुकडे ओले केल्यावर लगद्यासारखे झाले, तर खिशात टिश्यू पेपर किंवा एखादं बिल राहून गेलं होतं.

तपकिरी किंवा काळपट, चिकट पापुद्रे दिसत असतील, तर मामला वेगळा आहे. ते ड्रमच्या मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला साचलेल्या साबण आणि मळाचे थर असतात. त्यासाठी मशीनमधला 'टब क्लीन' हा प्रोग्राम चालवावा लागतो. फिल्टर धुऊन ते जात नाहीत.

फिल्टर कुठे असतो?

मशीनचं झाकण उघडून ड्रमच्या आतल्या भिंतीकडे पाहा. स्टीलच्या किंवा प्लॅस्टिकच्या भिंतीवर एक उभी प्लॅस्टिकची पट्टी किंवा चौकट दिसेल. जाळी तिच्याच आत किंवा तिला लटकलेली असते. अनेक मशीनमध्ये एकच फिल्टर असतो, काहींमध्ये समोरासमोर दोन असतात. म्हणून ड्रम हाताने पूर्ण फिरवून पाहा. दुसरा फिल्टर नजरेतून सुटला, तर अर्धंच काम होतं.

सेमी ऑटोमॅटिक मशीनमध्ये हा फिल्टर धुण्याच्या टबमध्ये असतो, कपडे पिळायच्या टबमध्ये नसतो. काही मॉडेल्समध्ये अशी पिशवी नसतेच किंवा तिची जागा वेगळी असते. अशा वेळी मशीनसोबत आलेलं माहितीपुस्तक पाहावं.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. नळाचा पाइप मशीनला जिथे जोडलेला असतो, तिथेही एक छोटी जाळी असते. ती नळाच्या पाण्यातली माती आणि गंज अडवते. ती तुंबली तर मशीनमध्ये पाणी हळू भरतं. पण कपड्यांवरच्या तंतूंशी तिचा संबंध नाही.

साफ करण्याची पद्धत

१. मशीन बंद करा, प्लग काढा. ड्रममध्ये पाणी आणि कपडे नाहीत हे पाहा.

२. फिल्टरच्या चौकटीवर वरच्या बाजूला बहुतेक वेळा एक छोटी खाच किंवा दाबायची पट्टी असते. ती दाबून चौकट स्वतःकडे ओढा. आधी वरचा भाग सुटतो, मग खालचा. चौकट हलत नसेल तर स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. तिच्या कडेला साबण घट्ट झालेला असतो. कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं तिथे दहा मिनिटं धरून ठेवा आणि पुन्हा प्रयत्न करा.

३. जाळीतला कचरा काढा. फिल्टर वाळलेला असेल, तर हा कचरा जाडसर कापडासारखा एका तुकड्यात निघतो. ओला असेल तर तो जाळीला चिकटून बसतो. त्यामुळे वेळ असेल तर फिल्टर आधी वाळू द्या. निघालेले तंतू कचऱ्याच्या डब्यात टाका, बेसिनमध्ये नको. त्यांनी पाइप तुंबतो.

४. आता जाळी उलटी करा आणि वाहत्या नळाखाली धरा. जुन्या टूथब्रशने शिवणीच्या कडा हलक्या हाताने घासा. तंतू सगळ्यात जास्त तिथेच अडकतात.

५. चौकट बाहेर असतानाच ड्रमवरची रिकामी खाच ओल्या फडक्याने पुसून घ्या. पाणी याच वाटेने फिल्टरपर्यंत येतं. इथे बुळबुळीत थर राहिला, तर साफ केलेला फिल्टरही नीट काम करत नाही.

६. जाळी सुलटी करा. चौकट आधी खालच्या खाचेत बसवा, मग वरून दाबा. 'टक' असा आवाज आला की ती बसली. बोटाने ओढून पाहा, ती हलता कामा नये.

जाळी स्वच्छ दिसते, पण आहे का?

इथेच अनेकांची फसगत होते. तंतू काढून टाकले की जाळी स्वच्छ वाटते. पण साबण, फॅब्रिक कंडिशनर आणि जड पाण्यातले क्षार यांचा पातळ थर तिच्या छिद्रांवर बसलेला असतो. बोअरचं पाणी वापरणाऱ्या घरांमध्ये हे विशेष दिसतं. हात लावल्यावर जाळी मऊ न लागता कडक लागते.

याची तपासणी सोपी आहे. जाळी नळाखाली धरा. पाणी सरळ आरपार पडलं तर छिद्रं मोकळी आहेत. पाणी पिशवीत साठलं किंवा काठावरून ओघळलं, तर ती बंद आहेत. अशा वेळी अर्धं पांढरं व्हिनेगर आणि अर्धं पाणी घेऊन त्यात जाळी अर्धा तास भिजवा, मग ब्रशने घासून भरपूर पाण्याने धुवा. व्हिनेगरमध्ये ब्लीच कधीही मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

यानंतर जाळी उजेडासमोर धरून पाहा. छोटं भोक किंवा उसवलेली शिवण दिसली, तर फिल्टर बदलावाच लागेल. फाटक्या जाळीत अडकलेले तंतू त्याच भोकातून परत कपड्यांवर येतात. नवा फिल्टर घेताना मशीनच्या मागच्या किंवा बाजूच्या स्टिकरवरचा मॉडेल क्रमांक सांगा आणि जुनी चौकट सोबत न्या. वेगवेगळ्या मॉडेल्सच्या चौकटी दिसायला सारख्या असल्या, तरी त्यांच्या खाचा जुळत नाहीत. फिल्टरशिवाय मशीन चालवणं टाळा. त्या रिकाम्या जागेतून पिना, नाणी आणि लहान मोजेसुद्धा ड्रमच्या मागे जाऊ शकतात.

फिल्टर साफ केला, तरी तंतू येतायत?

समजा, एका घरात साडेसहा किलोची टॉप लोड मशीन आहे. रविवारी तिच्यात चार नवे टॉवेल, दोन चादरी आणि ऑफिसच्या दोन काळ्या पँट एकत्र टाकल्या जातात. ड्रम काठोकाठ भरतो. फिल्टर कालच धुतलेला आहे, तरी पँटवर तंतू आहेतच. दोष शोधायचा कसा?

पहिली पायरी म्हणजे रिकाम्या मशीनमध्ये फक्त एक गडद रंगाचं पॉलिस्टरचं कापड टाकायचं आणि पावडरशिवाय भरपूर पाण्यात एकदा फक्त 'रिन्स' चालवायचं. कापडावर तंतू आले, तर ते ड्रममध्येच शिल्लक आहेत. मग टब क्लीन करून हीच चाचणी पुन्हा घ्यायची. कापड स्वच्छ निघालं, तर मशीन ठीक आहे आणि तंतू कपड्यांमधूनच येतायत.

या घरात कापड स्वच्छ निघालं, असं धरू. मग उरतात दोन कारणं. एक म्हणजे नवे टॉवेल. पहिल्या काही धुण्यांत त्यांतून खूप तंतू सुटतात आणि पॉलिस्टर मिसळलेल्या काळ्या पँट ते ओढून घेतात. दुसरं कारण म्हणजे ठासून भरलेला ड्रम. कपड्यांना हलायला जागा नसली की पाणी फिरत नाही, आणि पाणी फिरलं नाही तर तंतू फिल्टरपर्यंत पोहोचतच नाहीत. पाण्याची पातळी फार कमी ठेवली, तरी हेच होतं.

उपाय असा, की टॉवेल आणि चादरी एका वेळी, पँट वेगळ्या धुवायच्या आणि त्याही उलट्या करून. ड्रम जास्तीत जास्त तीन चतुर्थांश भरायचा आणि पाण्याची पातळी कपड्यांच्या मानाने एक पायरी वर ठेवायची. नव्या टॉवेलच्या प्रत्येक धुण्यानंतर फिल्टर रिकामा करायचा.

एरवी दर दोन-तीन धुण्यांनंतर फिल्टर पाहिला तरी पुरतं. जाळीचा तळ तंतूंनी झाकलेला दिसला, की तो साफ करायची वेळ झाली. एक मर्यादा मात्र लक्षात ठेवावी. फिल्टर पाण्यातले तंतू पकडतो, कपड्यांवर आधीच चिकटलेले नाही. त्यामुळे खराब झालेली पँट आधी पूर्ण वाळवा, रोलरने किंवा ब्रशने तंतू काढा आणि मगच पुन्हा मशीनमध्ये टाका.