कार्थेजच्या किनाऱ्यावरील एक रात्र

ऑगस्ट महिन्याच्या २७ तारखेला ख्रिस्तसभा संत मोनिकेचा सण साजरा करते आणि दुसऱ्याच दिवशी, २८ तारखेला, तिच्या पुत्राचा, संत ऑगस्टीनचा. पंचांगात आई आणि मुलगा असे शेजारी बसले आहेत. प्रत्यक्षात मात्र त्यांच्यामध्ये एकदा सुमारे ६०० किलोमीटरांचा समुद्र पसरला होता, आणि तो समुद्र मुलाने आईला फसवून ओलांडला होता. मोनिकेच्या प्रार्थनेची आणि अश्रूंची कथा आपण प्रवचनांतून पुष्कळदा ऐकली आहे. परदेशी निघालेला मुलगा आणि मागे राहणारी विधवा आई यांची कथा म्हणून ती क्वचितच सांगितली जाते. आमच्या धर्मग्रामांतील कितीतरी घरांतून मुले आखाती देशांत, कॅनडात, ऑस्ट्रेलियात गेली आहेत. अशा घरांनी ती याही अंगाने वाचावी असे आम्हांस वाटते.

ऑगस्टीनचा जन्म इ.स. ३५४ साली उत्तर आफ्रिकेतील तागास्ते या लहान नगरात झाला. आजच्या अल्जीरियातील सूक अहरास ते हेच. वडील पात्रीसियुस हे बेताची जमीन असलेले नगरसभासद होते. मुलगा बुद्धिमान निघाला. पण पुढील शिक्षणासाठी त्याला कार्थेजला पाठवायला पैसे नव्हते. सोळाव्या वर्षी तो त्यामुळे घरीच बसून होता. त्याच्याहून श्रीमंत पालक मुलांसाठी एवढा खर्च करीत नसताना वडिलांनी ऐपतीबाहेर जाऊन पैसे जमवले, याची नोंद पुढे ऑगस्टीननेच केली आहे. मुलगा कार्थेजला गेला आणि थोड्याच काळात वडील वारले. त्यानंतर शिक्षणाचा खर्च आईने उचलला, आणि रोमानियानुस नावाच्या गावच्या धनिकानेही हात दिला.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मुलाचे लग्न लवकर लावून द्यावे की काय, असा विचार त्या घरातही झाला होता. पण बायकोच्या पायी मुलाची प्रगती खुंटेल अशी मोनिकेला भीती वाटली. मुलाने विद्येत पुढे जावे ही दोघांचीही ओढ होती: वडिलांना लौकिक हवा होता, तर हीच विद्या मुलाला एक दिवस देवाकडे नेईल अशी आईची आशा होती. म्हणजे मुलाला घराबाहेर नेणारी वाट आईवडिलांनीच पोटाला चिमटा काढून बांधली होती. मुलगा त्या वाटेने फार दूर निघाला तेव्हा तीच आई रडत आडवी आली. आपल्या घरांतूनही हेच घडते. शिकवणीचे पैसे भरताना आपण मुलाला विमानाच्या पायरीपर्यंत पोहोचवीत असतो, हे त्या वेळी कोणी बोलत नाही.

इ.स. ३८३ साली ऑगस्टीन अठ्ठावीस वर्षांचा होता आणि कार्थेजमध्ये वक्तृत्वशास्त्र शिकवीत होता. रोमला अधिक पैसा व मान मिळेल, असे मित्र सांगत होते. त्याचे स्वतःचे मुख्य कारण निराळे होते. कार्थेजचे विद्यार्थी दांडगट होते. कोणाच्याही वर्गात घुसून धुडगूस घालीत. रोमचे विद्यार्थी शिस्तीचे आहेत असे त्याच्या कानावर आले होते. तेथे गेल्यावर त्याला कळले, की ते शांत असतात खरे, पण फी द्यायची वेळ आली की संगनमत करून सर्वच्या सर्व दुसऱ्या शिक्षकाकडे निघून जातात! परदेशाविषयी ऐकलेले आणि तेथे अनुभवाला आलेले यांतील हे अंतर सोळाशे वर्षांपूर्वीही होते.

मोनिका तेव्हा सुमारे बावन्न वर्षांची होती. तिला नविगियस नावाचा आणखी एक मुलगा आणि एक मुलगी होती. तरी तिचा जीव याच मुलात अडकला होता. ती त्याच्या मागोमाग समुद्रापर्यंत आली. एकतर तू परत चल, नाहीतर मला बरोबर ने, असा तिचा आग्रह होता. एका मित्राला निरोप द्यायचा आहे, वारा अनुकूल होईपर्यंत त्याला सोडता येत नाही, अशी थाप ऑगस्टीनने मारली. तिला पटले नाही. मग जहाजाजवळच असलेल्या संत सिप्रियनच्या स्मारकमंदिरात तिने रात्र काढावी, एवढे त्याने तिच्याकडून कसेबसे कबूल करून घेतले. ती तेथे प्रार्थना करीत राहिली. रात्री वारा सुटला, शिडे भरली. सकाळी ती किनाऱ्यावर आली तेव्हा जहाज निघून गेले होते. तिने आकांत केला, मुलाच्या कपटाला आणि निष्ठुरपणाला दोष दिला, आणि मग पुन्हा त्याच्याचसाठी प्रार्थना करीत घरी परतली.

त्या काळी दूर जाणे म्हणजे काय, हेही पाहिले पाहिजे. नोव्हेंबर ते मार्च या काळात भूमध्य समुद्रावरील वाहतूक जवळजवळ थांबत असे. पत्र जायचे ते कोणा जाणाऱ्याच्या हाती. रोमला पोहोचताच ऑगस्टीन तापाने फणफणला आणि मरणाच्या दारी जाऊन आला. आईला याचा पत्ताही नव्हता. दूर देशी ती नेहमीसारखीच त्याच्यासाठी प्रार्थना करीत होती. तो तापात गेला असता, तर त्या रात्रीची थाप हेच तिच्या वाट्याला आलेले त्याचे शेवटचे बोलणे ठरले असते.

ही हकीकत आपल्याला कळते ती ‘कन्फेशन्स’ या ग्रंथातून. तो ऑगस्टीनने या घटनेनंतर चौदा-पंधरा वर्षांनी, बिशप झाल्यावर, लिहायला घेतला. एवढ्या काळानंतरही ती रात्र त्याला तपशीलवार आठवते. पण तो स्वतःला कशाबद्दल दोषी धरतो, हे बारकाईने वाचावे. रोमला गेलो हे पाप, असे तो म्हणत नाही. त्या जाण्यात त्याला उलट देवाचा हात दिसतो. अशा आईशी आपण खोटे बोललो, याची त्याला देवाजवळ क्षमा मागावीशी वाटते. आईलाही तो अगदी निर्दोष ठेवीत नाही. मुलगा सतत डोळ्यांसमोर असावा ही मातांची स्वाभाविक ओढ तिच्यात इतर मातांपेक्षा कितीतरी अधिक होती, आणि त्या ओढीत ऐहिक आसक्तीही होती, असे तो स्पष्ट लिहितो. मात्र ही साक्ष मुलाची आहे. मोनिकेने स्वतः लिहिलेले एक अक्षरही आपल्यापर्यंत आलेले नाही.

त्याच शतकात पूर्वेकडे अंत्युखिया नगरात असाच प्रसंग निराळ्या रीतीने घडला. संत योहान ख्रिसोस्तोम तरुणपणी मित्राबरोबर घर सोडून संन्यस्त जीवन पत्करायच्या बेतात होता. त्याची आई अंथुसा ऐन विशीत विधवा झालेली. तिने मुलाचा हात धरून त्याला आपल्या खोलीत नेले, ज्या शय्येवर त्याला जन्म दिला तिच्याजवळ बसवले आणि आपले मन मोकळे केले. मला दुसऱ्यांदा विधवा करू नकोस. मला मूठमाती दे आणि मग हवा तेवढा दूर जा, असे तिचे मागणे होते. त्या वेळी योहान थांबला. पौरोहित्यावरील आपल्या ग्रंथात त्याने हे सांगितले आहे. अंथुसेचे मागणे न्याय्य होते की अवघड, यावर दुमत होऊ शकेल. पण तेथे मागणे काय आहे ते मुलाने ऐकले आणि आईने उघडपणे सांगितले. कार्थेजच्या किनाऱ्यावर हट्ट आणि थाप यांखेरीज काहीच बोलले गेले नाही.

पुढे ३८४ साली रोमचा नगरपाल सिम्माखुस याने ऑगस्टीनची मिलानच्या सरकारी अध्यापकपदासाठी निवड केली. मिलान ही तेव्हा राजदरबाराची नगरी. प्रवासाला सरकारी वाहन मिळाले. पुढेमागे एखाद्या प्रांताचे अधिकारपद मिळेल, अशी आशाही निर्माण झाली. आणि ३८५ साली मोनिका समुद्र ओलांडून मुलाकडे आली. वाटेत वादळ झाले तेव्हा घाबरलेल्या प्रवाशांना खलाशांनी धीर द्यायचा. येथे तिनेच खलाशांना धीर दिला.

आता सारे सुरळीत झाले असे मात्र नव्हे. मुलाच्या जवळ आलेली आई मुलाच्या संसारातही आली. ऑगस्टीन चौदा-पंधरा वर्षे एका स्त्रीबरोबर राहत होता. तिच्यापासून त्याला अदेओदातुस हा मुलगा होता. मोनिकेने पुढाकार घेऊन मुलासाठी योग्य घराण्यातील वधू ठरवली, आणि त्या विवाहात अडसर नको म्हणून त्या स्त्रीला आफ्रिकेला परत पाठवण्यात आले. मुलगा तिला मागेच ठेवावा लागला. तिचे नावसुद्धा ऑगस्टीनने लिहिलेले नाही. आईची आणि मुलाची भेट झाली, पण तिची किंमत तिसऱ्याच आईने मोजली.

मोनिकेलाही नवे नगर शिकावे लागले. आफ्रिकेतील रिवाजाप्रमाणे ती संतांच्या समाधींवर भाकरी आणि द्राक्षारस घेऊन गेली. बिशप अँब्रोज यांनी ही प्रथा बंद केल्याचे द्वारपालाकडून कळताच तिने ती निमूटपणे सोडली. परदेशी मुलाकडे राहायला गेलेल्या आईवडिलांना अशा कितीतरी सवयी दाराशीच ठेवाव्या लागतात.

३८७ सालच्या पास्काच्या रात्री ऑगस्टीनचा बाप्तिस्मा झाला. नोकरी त्याने आदल्याच वर्षी सोडली होती. आईला घेऊन मायदेशी परतायचे ठरले आणि रोमजवळच्या ओस्तिया बंदरात ते जहाजाची वाट पाहू लागले. तेथेच मोनिका तापाने आजारी पडली. पतीशेजारी आपली कबर असावी म्हणून तिने गावी जागा तयार करून ठेवली होती. तिचा अंत परक्या भूमीत नव्हे, आपल्या देशी व्हावा, असे काहीतरी नविगियस बोलला. तिने नजरेनेच त्याला दटावले. देह कोठेही पुरा, त्याची काळजी नको. जेथे असाल तेथे प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण करा, एवढेच तिने मागितले. आजारपणात सेवा करणाऱ्या ऑगस्टीनला तिने मातृभक्त पुत्र म्हटले आणि त्याच्या तोंडून आपल्याला कधी कठोर शब्द ऐकावा लागला नाही, असे सांगितले. त्यावर ऑगस्टीन लिहितो, की आपण तिला दिलेला मान आणि तिने आपल्यासाठी सोसलेले कष्ट यांची तुलनाच होऊ शकत नाही. नवव्या दिवशी, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, ती वारली. त्या वेळी त्याचे तेहतिसावे वर्ष चालू होते.

ओस्तियातच तिला पुरण्यात आले. १४३० साली तिचे अवशेष रोमला नेण्यात आले. १९४५ साली ओस्तियातील संत ऑरेया मंदिराजवळ चेंडूच्या खेळासाठी खांब रोवायला मुले खड्डा खणीत होती, तेव्हा त्यांना संगमरवराचा एक तुकडा सापडला. तो मोनिकेच्या समाधिलेखाचा होता. तागास्तेची तिची ती तयार जागा मात्र रिकामीच राहिली.

आईच्या मृत्यूनंतरच्या वर्षी, ३८८ साली, ऑगस्टीन आफ्रिकेला परतला आणि तागास्तेच्या वडिलोपार्जित घरी राहू लागला. पुढे तो हिप्पोचा बिशप झाला आणि ४३० साली तेथेच वारला. मधल्या बेचाळीस वर्षांत त्याने पुन्हा कधी समुद्र ओलांडला नाही. घरी परतावे, असे किनाऱ्यावर आईने मागितले होते. ते त्याने अखेर केले. फक्त दार उघडायला ती तेथे नव्हती.