आडवी स्लाइड उभ्या कॅरोसेलमध्ये कशी बसवावी?

सभेत दाखवलेले प्रेझेंटेशन इन्स्टाग्रामवर जसेच्या तसे टाकले, तर बहुतेक वेळा ते वाचता येत नाही. याचे कारण मापात आहे. पॉवरपॉइंटची नेहमीची स्लाइड १६:९ प्रमाणात आडवी असते. १०८० × १३५० पिक्सेलच्या उभ्या चौकटीत ती रुंदीला बसवली की तिची उंची जेमतेम ६०८ पिक्सेल राहते, म्हणजे अर्ध्याहून अधिक जागा रिकामी जाते. २४ पॉइंटचे अक्षर ७ सेंटिमीटर रुंद मोबाइल स्क्रीनवर पावणेदोन मिलिमीटरचे होते. देवनागरीत मात्रा आणि जोडाक्षरे त्याच उंचीत मावायची असल्याने ती एकमेकांत मिसळतात.

माप आधी बदलावे

मूळ फाइलची प्रत काढून तिच्यात `Design > Slide Size > Custom Slide Size` येथे रुंदी ११.२५ इंच आणि उंची १४.०६ इंच द्यावी. विंडोजवरील पॉवरपॉइंट एरवी इंचाला ९६ पिक्सेल या हिशेबाने चित्र काढतो, त्यामुळे रुंदी बरोबर १०८० पिक्सेल मिळते. चौरस पोस्टसाठी दोन्ही मापे ११.२५ इंच ठेवावीत. पुढे `Maximize` आणि `Ensure Fit` असे दोन पर्याय येतात. पहिल्यात मजकूर कडेबाहेर जाऊ शकतो, दुसऱ्यात सगळे आकसते. `Ensure Fit` निवडून मांडणी नव्याने करणे सोपे पडते.

एका स्लाइडच्या चार

समजा, एका सोसायटीच्या पाणीवापराच्या स्लाइडवर डावीकडे बारा महिन्यांचा स्तंभालेख आणि उजवीकडे चार मुद्दे आहेत. उभ्या चौकटीत हे शेजारी-शेजारी मावत नाहीत. म्हणून पहिल्या स्लाइडवर फक्त निष्कर्ष द्यावा: ‘मे महिन्यात टँकर का लागले?’ असा प्रश्नही चालेल. दुसरीवर आलेख, तिसरी-चौथीवर दोन-दोन मुद्दे. मजकूर ४० पॉइंटच्या खाली नेऊ नये. मोबाइलवर तो साडेतीन मिलिमीटरच्या आसपास दिसतो.

आलेखात उभ्या स्तंभांऐवजी आडव्या पट्ट्या घ्याव्यात. महिन्यांची नावे डावीकडे एकाखाली एक येतात आणि तिरकी होत नाहीत. मात्र प्रकार बदलल्यावर जानेवारी तळाशी जातो. अक्षाच्या सेटिंगमध्ये `Categories in reverse order` निवडल्यावर क्रम सरळ होतो.

शेवटची तपासणी

कॅरोसेलमधील पहिल्या चित्राचे प्रमाण पुढच्या सर्व चित्रांना लागू होते. एखादी स्लाइड वेगळ्या मापाची राहिली, तर तिच्या कडा कापल्या जातात. प्रोफाइलच्या ३:४ चौकटीत मुखपृष्ठाच्या दोन्ही बाजूंचे सुमारे ३४ पिक्सेल झाकले जातात. शीर्षक त्याच्या आत ठेवावे. चित्रे मोबाइलवर घेऊन, झूम न करता हातभर अंतरावरून वाचून पाहावीत. जी ओळ अडते, तिचा आकार वाढवण्याआधी शब्द कमी करावेत.